उत्तर: उंची वाढली ती कशामुळे?

> "उंची तर आईवडिलांवर जाते. मग शंभर वर्षांत अख्खा देश उंच कसा होतो?"

एकाच देशातल्या दोन माणसांच्या उंचीतला फरक बराचसा आनुवंशिक असतो, हे बरोबरच आहे. पण पिढ्यांमधला फरक त्याने उलगडत नाही. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. तिथे १८९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रिया मोठेपणी सरासरी १४२ सेंमीच्या आसपास होत्या, तर १९९६ मध्ये जन्मलेल्या सुमारे १६२. चार पिढ्यांत जनुकं एवढी बदलत नाहीत. शिवाय उत्तर कोरियातले लोक त्याच वंशाचे. फाळणीनंतर तिथली मुलं दक्षिणेतल्या मुलांपेक्षा बुटकी राहिली.

खरा खेळ गर्भारपणात आणि पहिल्या दोन वर्षांत होतो. तेव्हा बाळ सर्वांत झपाट्याने वाढतं. त्याच काळात वारंवार जुलाब झाले, तर भूक मरते, आतड्यांतून अन्न नीट शोषलं जात नाही आणि उरलेली शक्ती तापाशी झुंजण्यात जाते. म्हणून नुसतं पोटभर जेवण पुरत नाही. दूध, अंडी, डाळी यांच्या जोडीला स्वच्छ पाणी, संडास आणि लसीकरणही लागतं. आईची उंची आणि प्रकृतीही बाळाच्या वाढीत उतरते, त्यामुळे पूर्ण सुधारणा व्हायला एकाहून जास्त पिढ्या जातात.

आकडे वाचताना एक मात्र ध्यानात ठेवा. आज वीस वर्षांच्या तरुणांची उंची मोजली, तर कळते ती वीस वर्षांपूर्वीच्या बालपणाची स्थिती. आजची स्थिती पाहायची असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांची उंची वयाच्या हिशोबाने मोजावी लागते.