मदत हवी आहे: रेसिड्युअल आलेखातील नरसाळे आणि उलटे चिन्ह

घरांच्या किमतीचा अंदाज बांधण्यासाठी मी क्षेत्रफळ आणि खोल्यांची संख्या हे दोनच चल घेऊन रेषीय प्रतिगमन केले आहे. या दोन चलांमधील सहसंबंध 0.95 आहे, त्यामुळे 1/(1 − 0.95²) या सूत्राने दोघांचाही व्हीआयएफ सुमारे 10.3 येतो, म्हणजेच सहगुणकांची प्रमाण त्रुटी सुमारे 3.2 पट फुगते. खोल्यांचा सहगुणक ऋण येण्याचे कारण बहुधा हेच असावे.

रेसिड्युअल आणि अंदाजित किमती यांच्या आलेखात मात्र वेगळाच दोष दिसतो: डावीकडे बिंदू शून्याच्या रेषेला चिकटून आहेत आणि उजवीकडे नरसाळ्यासारखे पसरत जातात, म्हणजे समान विचरणाचे गृहीतक मोडले आहे. किमतीचा लॉग घेतल्यावर पसरट भाग गेला, परंतु मधले बिंदू रेषेच्या वर आणि दोन्ही टोकांचे खाली, अशी कमान उरली. व्हीआयएफ तसाच राहिला, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण तो केवळ स्वतंत्र चलांवर अवलंबून असतो. बहुसंरेखता या आलेखात दिसतही नाही.

कमान घालवण्यासाठी क्षेत्रफळाचा वर्ग जोडावा, की क्षेत्रफळाचाही लॉग घ्यावा? वर्ग जोडल्यास व्हीआयएफ आणखी वाढेल. आधी सरासरी वजा केल्याने तो उतरला, तरी क्षेत्रफळ आणि खोल्या यांची गुंतागुंत सुटणार नाही, असे मला वाटते. मला खोल्यांचा स्वतंत्र परिणामच जाणून घ्यायचा असल्याने तो चल वगळणे पटत नाही. अशा वेळी अधिक नमुने मिळवण्याखेरीज काही मार्ग आहे का?