कॉलेजच्या वाय-फायवर गाणी बंद: प्रतिसाद

> "हॉस्टेलच्या वाय-फायवर स्पॉटिफाय उघडतच नाही, मोबाइल डेटावर चालतं. व्हीपीएन टाकू का?"

डेटावर चालतं म्हणजे अ‍ॅप ठीक आहे, अडवणूक वाय-फायवरच आहे. व्हीपीएन नको. अनेक कॉलेजांच्या नियमांत त्याला थेट मनाई असते, आणि तुझं लॉगिन तुझ्या नावावर असल्याने कोण वापरतंय ते कळतं. गाण्यांपायी वाय-फाय बंद करून घ्यायचं का?

आधी डेटाचा हिशोब कर. 96 केबीपीएस क्वालिटीला तासाला साधारण 43 एमबी जातात, म्हणजे रोज दोन तास ऐकलंस तरी 90 एमबीच्या आत. दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये ते जाणवतही नाही. मात्र 320 केबीपीएसला तेच 144 एमबी तासाला होतात, म्हणून सेटिंगमध्ये मोबाइल डेटासाठीची क्वालिटी स्वतः कमी ठेव.

गाणी उतरवता येणारा प्रीमियम प्लॅन असेल तर घरी गेल्यावर तिथल्या वाय-फायवर प्लेलिस्ट उतरवून आण. हॉस्टेलवरच उतरवायची झाली तर एक गोची आहे: डेटावरून डाउनलोड करण्याचा पर्याय मुळात बंद असतो, त्यामुळे अ‍ॅप नुसतं वाय-फायची वाट पाहत बसतं. तो पर्याय चालू कर, काम झालं की बंद. शिवाय 30 दिवसांतून एकदा तरी अ‍ॅप ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर उतरवलेलं सगळं जातं. त्यालाही मोबाइल डेटा पुरतो. फुकटच्या खात्यात गाणी उतरवता येत नाहीत, फक्त पॉडकास्ट.

स्वतःच्या एमपी3 फाइल्स असतील तर यातलं काहीच लागत नाही म्हणा.