मदत हवी आहे: 'आज रात्री', 'उद्या', 'पुढच्या सोमवारी' न लिहिता परदेशातल्या ग्राहकाला वेळ कशी कळवायची?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि घरून दोन-चार जणांच्या वेबसाइट सांभाळते. त्यातल्या एक ताई कॅलिफोर्नियात असतात. मूळच्या मिरजेच्या. तिकडे मेतकूट, चटण्या, पापड ऑनलाइन विकतात. आमचं सगळं बोलणं मराठीतून, व्हॉट्सॲपवर.

गुरुवारी, 7 मे रोजी रात्री साडेनऊला मी त्यांना लिहिलं:

"ताई, आज रात्री साइट बंद ठेवून नवीन व्हर्जन चढवते. उद्या सकाळपर्यंत चालू होईल. मग पुढच्या सोमवारी याच वेळी बोलू."

त्यांचा लगेच अंगठा आला. मी अकराला साइट बंद केली, फोन सायलेंटवर टाकला आणि कामाला बसले. दोनला सगळं चालू करून फोन पाहिला तर सात मिस्ड कॉल. त्यांच्याकडे मी साइट बंद केली तेव्हा गुरुवारचे सकाळचे साडेदहा वाजले होते. 'आज रात्री' म्हणजे त्यांनी त्यांची रात्र धरली होती. ऐन ऑर्डरींच्या वेळेला दुकानाचं शटर खाली!

पुढची गंमत म्हणजे 11 तारखेच्या सोमवारी मी रात्री फोन लावून बसले आणि त्या म्हणाल्या, "अगं, येत्या सोमवारी नाही ना, पुढच्या म्हणालीस. मी 18 तारीख धरली होती."

चूक माझीच, वाद नाही. पण आता लिहायचं कसं? कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटायला नको आणि गोंधळही नको.

मिरज_जंक्शन

सोपं आहे. फोनच्या घड्याळात वर्ल्ड क्लॉक असतं. त्यात सॅन फ्रान्सिस्को टाका, तिकडे किती वाजलेत ते दिसतं.

कृष्णाकाठची

दादा, ते टाकलेलंच आहे. फरक मला माहीत आहे, सध्या साडेबारा तास. अडचण मोजण्याची नाही, लिहिण्याची आहे. मेसेज लिहिताना 'आज रात्री' हातातून आपोआप जातं.

रातपाळी

पुण्यात परदेशी ग्राहकांच्या सपोर्टला अकरा वर्षं रात्रपाळी केली, आता वाईला असतो. तुमच्यासारखा मार मीही खाल्लाय.

'आज', 'उद्या', 'परवा', 'पुढच्या' हे शब्द बोलताना चालतात, कारण दोघांच्या समोर एकच दिवस असतो. मेसेजमध्ये तो नसतो. तुम्ही लिहिलं तुमच्या रात्री, त्यांनी वाचलं त्यांच्या सकाळी. त्यात व्हॉट्सॲप प्रत्येकाला त्याच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतं. तुमच्या मेसेजखाली त्यांना सकाळचे 9 दिसले. तुमच्याकडे रात्र झालीय हे त्या ओळीत कुठेच नव्हतं. त्यांची समजूत चुकीची नव्हती, त्यांच्या पडद्यावर तीच बरोबर होती.

'उद्या सकाळ' तर त्याहून फसवी. तुम्ही गुरुवारी रात्री 'उद्या सकाळी 9' लिहिलंत, तर तुमच्याकडे ते 9 वाजतील तेव्हा कॅलिफोर्नियात गुरुवारचे रात्रीचे साडेआठ असणार. म्हणजे तुमची उद्याची सकाळ ही त्यांची आजची रात्र. दोघी खरं बोलताय आणि दोघींचे वारही वेगळे.

मी काय करतो ते सांगतो. आधी ठरवतो की ही वेळ कुणाच्या सोयीची आहे. साइट बंद ठेवणं हे त्यांच्या दुकानाचं काम, म्हणून त्यांची वेळ आधी. मग वार, तारीख, महिन्याचं नाव, दिवसाचा भाग, आकडा आणि शहर. तुमचा मेसेज मी असा लिहिला असता:

"ताई, साइट गुरुवार 7 मे रोजी रात्री 11 ते शुक्रवार 8 मे रोजी पहाटे 2 बंद ठेवते. ही वेळ तुमच्या कॅलिफोर्नियाची. माझ्याकडे सांगलीत तेव्हा शुक्रवार सकाळचे साडेअकरा ते दुपारचे अडीच."

कोर्टाची नोटीस नाही वाटत. आणि तुम्हाला रात्री जागायचीही गरज पडली नसती, हे लिहिता लिहिताच दिसलं असतं.

वार आणि तारीख दोन्ही लिहायचं कारण असं की एक चुकलं तर दुसरं ओरडतं. 'सोमवार 12 मे' असं लिहिलंत, तर ताई कॅलेंडर बघून विचारतील की 12 ला तर मंगळवार आहे. नुसतं '12 मे' लिहिलं असतं तर चूक तशीच पुढे गेली असती.

नाक्यावरचा

एवढं कशाला? वेळेपुढे आयएसटी नाहीतर पीएसटी लिहायचं, संपला विषय. आमच्या ऑफिसात सगळे तेच करतात.

रातपाळी

निम्मं बरोबर. नुसत्या '9 वाजता'पेक्षा ते केव्हाही बरं. पण पीएसटी ही कॅलिफोर्नियाची हिवाळ्यातली वेळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. मधले आठ महिने ती पीडीटी असते. लोक बाराही महिने पीएसटीच लिहितात, आणि समोरच्याने अक्षरशः घेतलं की एक तास चुकतो. आयएसटीही आपली एकट्याची नाही. आयर्लंडवाले आणि इस्रायलवालेही हीच तीन अक्षरं वापरतात. म्हणून शहराचं नाव लिहावं. 'सांगलीत', 'सॅन होजेत' असं लिहिलं की उन्हाळा-हिवाळा त्यातच आला.

नाक्यावरचा

आमचे सगळे क्लायंट दुबईचे. तिकडे घड्याळं बदलत नाहीत, म्हणून कधी अडलं नसेल.

आजोबा_सातारा

वाचून हसू आलं. आमचा मुलगा सिडनीला असतो. एका शुक्रवारी इथे रात्री आठला त्याचा मेसेज आला, "बाबा, उद्या सकाळी फोन करतो." आम्ही दोघं ठरवून बसलो की शनिवारी सकाळी चहाच्या वेळी येईल. फोन वाजला पहाटे साडेचारला. हिचं काळीज लक्कन हललं. एवढ्या पहाटे फोन म्हणजे काहीतरी वाईटच, असं वाटणार ना. तो म्हणतो, "बाबा, सकाळचे नऊ वाजलेत." त्याच्याकडे वाजले होते.

त्याने मेसेज लिहिला तेव्हा तिकडे रात्रीचे साडेबारा होऊन शनिवार लागला होता. मग त्याचं 'उद्या' म्हणजे रविवार व्हायला हवं होतं ना? तो म्हणतो, झोपून उठल्यावर जो येतो तो उद्या.

रातपाळी

आजोबा, तुमचा मुलगा आपल्या पंचांगाप्रमाणे बोलतोय. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी कॅलेंडरचा मध्यरात्री. म्हणून आपण 'सोमवारी रात्री दीड वाजता' म्हणतो तेव्हा मनात सोमवारची जागरणाची रात्र असते, पण कॅलेंडरवर मंगळवार लागलेला असतो. याच्यामुळे मी एकदा आख्खी मीटिंग चोवीस तास आधी लावली होती. तेव्हापासून रात्री बारानंतरच्या वेळेला 'रात्री' हा शब्दच वापरत नाही. 'मंगळवार, पहाटे दीड' लिहितो. आणि 'शुक्रवारी रात्री 12 पर्यंत' असं कधीच नाही. ते शुक्रवार सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर दोन मतं होतातच. 11:59 लिहिलं की वाद मिटतो.

बेदाणावाला_तासगाव

मी माल बाहेर पाठवतो, म्हणून दोन गोष्टी.

तारीख आकड्यांत लिहू नका. 5/7 आपल्याला 5 जुलै, अमेरिकेत 7 मे. महिना अक्षरांत लिहायचा.

आणि 'परवा' लिहूच नका. 'परवा पाठवतो' किंवा 'परवा पाठवलं' असं असेल तर क्रियापदावरून कळतं. पण आमच्या माणसाने गोदामाला नुसतं 'परवाची गाडी' लिहिलं. एकाने गेलेली गाडी धरली, दुसऱ्याने यायची. हे तर सांगलीतल्या सांगलीत झालं.

पण रातपाळींचं एक पटत नाही. मेसेजमध्ये दोन शहरांच्या वेळा कशाला? एक जरी मोजताना चुकली तरी समोरचा कुठली खरी धरणार? मी एकच वेळ लिहितो, ज्याच्याकडे काम व्हायचंय त्याची. मोजायचं ते दुसऱ्याने मोजावं.

रातपाळी

मला उलट वाटतं. दोन वेळा जुळल्या नाहीत तर समोरचा विचारतो, आणि विचारणं मला परवडतं. एकच लिहून मनातल्या मनात चुकलो असेन तर ते कुणाला दिसतच नाही. आपल्याकडचा तो अर्धा तास लोक हमखास विसरतात. बारा तास वजा केले की झालं, असं समजतात. मात्र पंधरा जणांचा ग्रुप सहा देशांत असेल तर तुमचं बरोबर. तिथे सहा वेळा लिहिल्या तर कुणी वाचणार नाही.

बेदाणावाला_तासगाव

मी एकच लिहिणार. पण दोघांतच बोलणं असेल तर तुमचं चालेल.

कृष्णाकाठची

'पुढच्या सोमवारी'चं काय? त्यात तर वेळेचा फरकही नव्हता.

रातपाळी

ते घड्याळाचं भांडण नाहीच. गुरुवारी 'पुढचा सोमवार' म्हटलं की काही जण लगेच येणारा धरतात, काही त्याच्या नंतरचा. 'येत्या सोमवारी' थोडं स्पष्ट आहे, पण मेसेज मंगळवारी वाचला किंवा कुणी पुढे पाठवला की तेही गेलं. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर मूळ तारीख दिसत नाही. 'सोमवार 11 मे' हे कधीही वाचा, तेच राहतं.

तुमचं दर आठवड्याचं बोलणं असेल तर आणखी एक ठरवून घ्या. वेळ कुणाची पक्की आणि कुणाची सरकणारी? आत्ता त्यांचे सकाळचे 9 म्हणजे तुमचे रात्रीचे साडेनऊ. 1 नोव्हेंबरला त्यांची घड्याळं मागे गेली की त्याच 9 ला तुमचे साडेदहा वाजतील. 'दर सोमवारी याच वेळी' एवढंच लिहिलंत तर 2 नोव्हेंबरला दोघींपैकी एक तासभर वाट बघत बसणार.

आणि ताईंनी स्वतः 'उद्या' लिहिलं तर त्यांना शिकवायला जाऊ नका. उत्तरात तारीख घालून परत विचारा: "म्हणजे शुक्रवार 15 मे, तुमच्याकडच्या संध्याकाळी ना?"

कृष्णाकाठची

धन्यवाद सगळ्यांना. आज ताईंना हा पाठवला:

"ताई, आपण सोमवार 18 मे रोजी तुमच्या सकाळी 9 ला बोलू. सांगलीत रात्रीचे साडेनऊ. दर सोमवारी तुमचे 9 पक्के. नोव्हेंबरपासून माझी वेळ मी साडेदहा करते."

'बरं' आलं. साइटवरच्या सूचनेचं मात्र अजून अडलंय. तिथे 'कॅलिफोर्निया वेळ' लिहिलं तर ताईंचे न्यू जर्सीचे गिऱ्हाईक गोंधळतील.

रातपाळी

न्यू जर्सी तीन तास पुढे. दोन ओळी करा, पश्चिम आणि पूर्व. बेदाणावाले रागावतील, पण दोनच आहेत. आणि काम झालं की सूचना काढा. 'आज साइट बंद' ही पाटी मी तीन दिवसांनीही लटकलेली पाहिलीय.

आजोबा_सातारा

तुमचा हा सगळा मजकूर मुलाला पाठवला. त्याने अंगठा दाखवला. आता फोन कधी करणार ते मात्र अजून लिहिलेलं नाही.