परदेशी गिऱ्हाइकाची पहिली ईमेल: सॅम्पल फुकट द्यायचं का?

अथणीची वहाण: जर्मनीतल्या एका आयातदाराची कोल्हापुरी चपलांसाठी पहिलीच ईमेल आलीय. कॅटलॉग, सॅम्पलच्या अटी आणि कमीत कमी ऑर्डर विचारलीय. आमचे कारागीर सहा, मिळून रोज 15 जोड होतात. चाळीस डिझाइनचा कॅटलॉग, दोन जोड फुकट आणि डिझाइनमागे 500 जोड, असं लिहू का?

उद्यमबागकर: सॅम्पल फुकटच पाठवा. चारशे-पाचशे रुपयांच्या जोडासाठी पैसे मागितले की समोरचा दुसरीकडं वळतो. आम्ही कास्टिंगचे पहिले नग कधी मोजून घेत नाही. आणि 500 चा आकडा चांगलाय, मोठा कारखाना वाटतो.

घटप्रभाकाठ: दादा, इथं कास्टिंगचा हिशोब लागत नाही. तुमच्याकडं डाय गिऱ्हाइकाच्या पैशानं होतो, त्यामुळं गिऱ्हाईक आधीच बांधलेलं असतं. चपलेत खरा खर्च कुरिअरचा. जोडाच्या किमतीच्या कितीतरी पट जातो. म्हणून जोडाचे दुप्पट पैसे लावा, कुरिअर त्याच्या खात्यावर टाका, आणि साठ दिवसांत ऑर्डर आली तर सॅम्पलची रक्कम पहिल्या बिलातून वजा करू असं लिहा. ज्याला खरंच माल घ्यायचाय तो स्वतःच्या कुरिअर खात्याचा नंबर बिनतक्रार देतो.

आता 500. तीन रंग मागितले तर 1500 जोड, रोज 15 म्हणजे शंभर कामाचे दिवस. मधे पावसाळा आला तर तळ वाळायलाच दिवस जातात आणि कोंदट कातड्याला बुरशी धरते. त्यापेक्षा मापांचा संच सांगा: 36 ते 41, प्रमाण 1-2-3-3-2-1, म्हणजे संचात 12 जोड. दहा संच, 120 जोड, डिझाइन आणि रंग एकच. आठ दिवसांचं काम. नवख्या गिऱ्हाइकालाही ते परवडतं.

कॅटलॉगात चाळीस नकोत. पुन्हा हुबेहूब करता येतील अशी दहा-बारा डिझाइन घ्या. प्रत्येकाला नंबर, वरून, बाजूनं आणि तळाचा फोटो, वजन. सॅम्पलही रोजच्या मालातलंच काढा. घरातल्या सगळ्यात हुशार हातानं केलेला जोड पाठवला तर पुढचे 120 जोड त्याच्याशी ताडून नाकारले जातात. त्याच डिझाइनचा दुसरा जोड तारीख घालून आपल्याकडं ठेवा.

खानापूरची सुलू: आम्ही काजूचं अर्धा किलो फुकटच पाठवतो की. एका दुबईवाल्यानं ते घेतलं आणि मग गप्पच बसला. तेव्हापासून आधी कंपनीचा नोंदणी क्रमांक मागते.

घटप्रभाकाठ: ताई, काजूच्या नमुन्याला माप नाही की रंग नाही, तुमचं जमतं. पण नंबर मागायचं बरोबर. युरोपातला असेल तर व्हॅट नंबर मागून युरोपीय संघाच्या व्हीआयईएस संकेतस्थळावर टाकायचा. जर्मन नंबरचं नाव-पत्ता तिथं दिसत नाही, नंबर चालू आहे की नाही एवढंच कळतं. म्हणून वेबसाइट आणि ईमेलचा पत्ताही जुळवायचा.

उद्यमबागकर: सॅम्पलचं पटलं. पण भाव पहिल्याच पत्रात द्यायचा नाही, हे माझं पक्कं मत. तोच भाव दाखवून तो आग्र्याचा माल घासाघीस करून घेतो.

घटप्रभाकाठ: मी देतो. एफओबी मुंबई, म्हणजे मुंबईत माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरून, 120 जोडांना, तीस दिवस लागू. भाव नसलेलं पत्र वाचून तो दुसऱ्याला विचारायला लागतो. मात्र तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, एकदा लिहिलेला भाव वर नेता येत नाही.

निपाणी बाजार: कॅटलॉगवर 'युरोपच्या नियमात बसणारं कातडं' असं ठळक छापा. आपलं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवलेलं, क्रोमचा प्रश्नच नाही.

घटप्रभाकाठ: तळाचं खरं आहे. पण वरचे रंगीत पट्टे कुठून घेता? बाजारातलं रंगवलेलं पातळ कातडं बऱ्याचदा क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या रसायनात पकवलेलं असतं. युरोपात 2015 पासून कातड्यात क्रोमियम 6 हा घातक प्रकार किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या आत लागतो. छापून बसलात आणि तिथल्या चाचणीत पट्टा नापास झाला, तर माल परत येईल आणि लेखी शब्दही तुमचाच असेल. तळ कसला, पट्टा कसला, वेगवेगळं लिहा, चाचणी झाल्याखेरीज दावा नको.

अथणीची वहाण: पट्ट्याचं कातडं चेन्नईकडनं येतं, व्यापारी कुठल्या टॅनरीचं ते सांगत नाही. लाल आणि निळा सध्या कॅटलॉगातून काढतो, नैसर्गिक रंगाची नऊ डिझाइन उरतात. सॅम्पल 37 मापाचं पाठवतो. भाव घालायचा की नाही, ते अजून ठरत नाही. वडील उद्यमबागकरांच्या बाजूनं आहेत.

खानापूरची सुलू: त्याला लाल हवंच असेल तर?

घटप्रभाकाठ: तर पट्ट्याचा तुकडा आधी प्रयोगशाळेत, मग लाल.