मदत हवी आहे: नोकरी शोधणं सोडलं की बेरोजगारीचा दर उतरतो?

कोपरखैरणेकर: परवा अर्थशास्त्राची चाचणी आहे आणि मी दोन ठिकाणी अडलेय. गणित असं: १५ वर्षांवरचे १,००० लोक, ५७० कामावर, ३० जण काम शोधतायत, बाकी ४०० शिकणारे, घर सांभाळणारे, म्हातारे. मी ३० ला १,००० ने भागून ३ टक्के लिहिलं, मॅडमनी लाल गोल केला. पुढे ३० पैकी १० जण कंटाळून शोधणंच सोडतात. आता दर किती?
शिवाय एक प्रसंग: तुर्भ्याच्या कारखान्यातल्या प्रेस ऑपरेटरची नोकरी गेली, तर ही बेरोजगारी कुठल्या प्रकारची? मी संरचनात्मक लिहिलं, मैत्रीण चक्रीय म्हणते. (ऐरोलीची नोकरी स्वतःहून सोडून ठाण्यात शोधणारी मुलगी घर्षणात्मक, तिथे आमचं भांडण नाही.)

हार्बर_लेट: भागायचं श्रमशक्तीने. ५७० अधिक ३०, म्हणजे ६००. दर ५ टक्के. नंतर २० भागिले ६००, ३.३३. आणि कारखान्यातून काढलं की संरचनात्मकच.

खाडीपलीकडचा: पहिलं बरोबर, दुसऱ्यात घसरलात. शोधणं सोडलं की माणूस श्रमशक्तीतूनच बाहेर पडतो, म्हणून ते १० जण खालूनही वजा करा. २० भागिले ५९०, साधारण ३.३९ टक्के. गंमत बघा, एकालाही काम मिळालं नाही आणि दर ५ वरून इथे आला. म्हणून सोबत सहभागाचा दर, म्हणजे १५ वर्षांवरच्या शंभरातले किती श्रमशक्तीत आहेत, तेही बघायचं: तो ६० वरून ५९ वर उतरलाय, चोरी तिथे पकडली जाते.
प्रेसवाल्याबद्दल एकच विचारा: उद्या ऑर्डरी परत आल्या तर त्याला बोलावतील का? बोलावणार असतील तर चक्रीय. त्याच्या जागी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, बसलं असेल तर ऑर्डरी येऊनही तो घरीच, ते संरचनात्मक.

वागळे_माहेर: आमच्या दिरांची नोकरी जाऊन आठ महिने झाले. आठवड्यातून दोन दिवस मित्राची रिक्षा चालवतात. ते यातल्या कुठल्या प्रकारात?

खाडीपलीकडचा: ताई, आपल्याकडच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या साप्ताहिक हिशेबात कुठल्याच नाही. मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस कामावर धरतात.

वागळे_माहेर: एक तास? मग घरात पैसे का नाहीत, तेही त्यांनीच मोजावं.

हार्बर_लेट: ५९० मान्य. घाईत खालचा आकडा तसाच ठेवला.

कोपरखैरणेकर: प्रसंग नीट वाचला. त्यात दोन्ही आहे हो! ‘मागणी घटल्याने कामावरून कमी केले. वर्षभराने कारखाना स्वयंचलित यंत्रांसह पुन्हा सुरू झाला.’

खाडीपलीकडचा: मग गेली चक्रीय कारणाने, अडकली संरचनात्मक कारणाने. मी दोन्ही लिहीन, वर्षाचा टप्पा सांगून.

हार्बर_लेट: एका मार्काच्या प्रश्नाला? रकान्यात एकच शब्द मावतो.