पाच हजार क्यूबिट मोठे की दीडशे?

भटक्या : क्वांटम म्हटलं की सगळे आयबीएम आणि गुगलचंच नाव घेतात. आयबीएमच्या हेरॉन चिपवर १५६ क्यूबिट म्हणजे क्वांटम बिट, तर डी-वेव्हच्या अ‍ॅडव्हांटेज यंत्रात ५,००० च्या वर. २०१९ मध्ये फोक्सवॅगनने लिस्बनमध्ये नऊ बसचे मार्ग डी-वेव्हवर आखून दाखवले. आयबीएम-गुगलची यंत्रं क्यूबिटांवर एकामागून एक क्रिया, म्हणजे गेट, चालवतात; डी-वेव्ह अ‍ॅनीलिंग करतं, म्हणजे क्यूबिटांचं जाळं हळूहळू सर्वांत कमी ऊर्जेकडे नेतं. माझं मत असं की रोजच्या कामाची गणितं अ‍ॅनीलिंगच सोडवणार आणि गेटवाले शोधनिबंध लिहीत बसणार. पटतं का?

मुक्त_इलेक्ट्रॉन : छे! डी-वेव्ह म्हणजे थंड करून ठेवलेलं चुंबकांचं जाळं. त्यात क्वांटम काही नाही, सगळी जाहिरात. गेट पद्धतीवर कुठलंही क्वांटम गणित चालतं. ते अख्खं स्वयंपाकघर आहे आणि अ‍ॅनीलर म्हणजे मोदकपात्र. पात्रात मोदक पाच हजार मावतात म्हणून त्यात आमटी होत नाही.

सांगलीकर : तुमचं भांडण चालू द्या, माझं एक काम आहे. आमच्या साखर कारखान्याकडे ऊसतोडीच्या ४० टोळ्या आणि रोज तोडायचे ४० फड. कुठली टोळी कुठल्या फडात, हे शेतकी ऑफिसर नि चिटबॉय वहीत ठरवतात. टोळीचा तळ इथे आणि फड १८ किलोमीटरवर, असा घोळ रोजचाच. ४० गुणिले ४० म्हणजे १,६०० हो-नाही प्रश्न झाले. ५,००० क्यूबिटमध्ये आरामात बसतील ना?

अनुराधा : सांगलीकर, बसणार नाहीत. 'एका टोळीला एकच फड' असा नियम अ‍ॅनीलरला सांगताच येत नाही. त्याला फक्त ऊर्जा कमी करत जाणं कळतं, म्हणून नियम मोडला की दंड लावायचा. तीनच फड असते तर एका टोळीचा दंड असा, निवडलेल्या फडाचा `x` १ आणि बाकीच्यांचा ० :

```
(x1 + x2 + x3 - 1)^2
```

एकच फड निवडला तर दंड ०, एकही नाही किंवा दोन निवडले तर १, तिन्ही निवडले तर ४. कंस सोडवला की `x1*x2` सारख्या जोड्या निघतात आणि अशा प्रत्येक जोडीला चिपवर खराखुरा दुवा लागतो. तुमचं एकेक व्हेरिएबल, म्हणजे एकेक हो-नाही प्रश्न, त्याच टोळीच्या उरलेल्या ३९ आणि त्याच फडाच्या उरलेल्या ३९ व्हेरिएबलांशी बांधलं जातं, म्हणजे ७८ दुवे हवेत. अ‍ॅडव्हांटेजच्या एका क्यूबिटला आहेत १५.

मग बरेच क्यूबिट एका साखळीत घट्ट बांधून ती साखळी एक व्हेरिएबल म्हणून वापरतात. सहा क्यूबिटचे ९० दुवे, त्यातले १० साखळी बांधण्यातच गेले, उरले ८०. म्हणजे एका व्हेरिएबलला निदान सहा क्यूबिट, आणि १,६०० ला ९,६००. प्रत्यक्षात याहून जास्तच लागतात, कारण हवा तो दुवा हव्या त्या जागी नसतो.

भटक्या : मग गणित लहान करा की. १० टोळ्या, १० फड.

अनुराधा : १०० व्हेरिएबल मावतील. पण दंड किलोमीटरांपेक्षा बराच मोठा ठेवावा लागतो, नाहीतर यंत्र दंड भरून मोकळं होतं, हेल्मेट न घालणाऱ्यासारखं. दंड १०० ठेवला तर एका किलोमीटरचा फरक चिपच्या मापात शंभरात एक एवढाच उरतो. साखळ्या तुटू नयेत म्हणून त्या आणखी घट्ट करायच्या, की तो फरक अजून दबतो. चिपवर हे आकडे अ‍ॅनालॉग पद्धतीने चढतात आणि त्यांतली चूकही साधारण त्याच मापाची असते. मग नियम पाळणारी उत्तरं ढिगाने मिळतात, पण किलोमीटर वाचवणारं त्यात असेलच असं नाही. हे ओळखायला मी आधी हे बघते, `Q` म्हणजे दंड आणि किलोमीटर मिळून झालेलं गणित :

```python
from dwave.system import DWaveSampler, EmbeddingComposite
ss = EmbeddingComposite(DWaveSampler()).sample_qubo(Q, num_reads=1000)
print(ss.first.energy, ss.record.chain_break_fraction.mean())
```

दुसरा आकडा शून्याजवळ नसेल तर साखळ्या तुटताहेत आणि पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. तो शून्य असला तरी तेच गणित लॅपटॉपवर सोडवून ताडून बघायचं.

सांगलीकर : लॅपटॉपवर होतं?

अनुराधा : फक्त एकूण अंतर कमी करायचं असेल तर १९५५ ची हंगेरियन पद्धत आहे. ४० बाय ४० ला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ, आणि उत्तर सर्वांत कमी अंतराचंच. क्वांटमकडे वळायची गरजच नाही, ना या ना त्या. गेटवर न्यायचं म्हटलं तरी सरळ मांडणीत एका व्हेरिएबलला एक असे १,६०० क्यूबिट लागतील आणि दंडाचं झेंगट तिथेही सुटत नाही.

मुक्त_इलेक्ट्रॉन : पण गेटवर ग्रोव्हरची शोधपद्धत आहे. एक कोटी पर्यायांत शोधायला साधारण तीन हजार पावलं पुरतात.

अनुराधा : पर्यायांच्या संख्येचं वर्गमूळ, इतकंच. पर्याय दर टोळीमागे कित्येक पटींनी वाढतात, तिथे वर्गमूळाने फार काही हाती लागत नाही. गेट यंत्राची खरी ताकद गणिताला आतून घडण असते तिथे. मोठ्या संख्येचे अवयव पाडणाऱ्या शोरच्या पद्धतीत घातांना भागून उरणाऱ्या बाक्या ठराविक अंतराने पुन्हा येतात, तो आवर्तनकाळ पकडायचा असतो. रेणूंच्या ऊर्जापातळ्या काढणं हेही तसंच काम.

ठेवीदार : अहो, चीनने डी-वेव्हवर बँका वापरतात ते आरएसए कुलूप फोडलं म्हणून २०२४ मध्ये बातमी होती. माझ्या एफडी सहकारी बँकेत आहेत. काढून घेऊ का?

अनुराधा : काका, त्या कुलपाचं बळ म्हणजे मोठ्या संख्येचे अवयव सापडत नाहीत हे, आणि फोडलेली संख्या २२ बिटची होती, म्हणजे ४२ लाखांच्या आतली. २,०४८ पर्यंतच्या संख्यांनी भागत गेलात तर कागदावरही अवयव सापडतील. वापरातली किल्ली २,०४८ बिटची असते. अ‍ॅनीलरवर गुणाकारच दंडांच्या भाषेत मांडतात, त्यात ते आवर्तन हरवतं आणि उरते नुसती शोधाशोध. खरी भीती गेटची आहे. गुगलच्या क्रेग गिडनीच्या २०२५ च्या हिशोबात अशी किल्ली दहा लाखांपेक्षा कमी, सदोष क्यूबिटांनी आठवड्याच्या आत फुटते. २०१९ चा त्याचाच अंदाज दोन कोटी क्यूबिट आणि आठ तासांचा होता.

भटक्या : मग अ‍ॅनीलर भंगारात घालायचं का? फोक्सवॅगनचं काय?

अनुराधा : त्यांचं बीजिंगचं काम २०१७ ला छापून आलं. ४१८ टॅक्सी, प्रत्येकीला तीन मार्ग, म्हणजे १,२५४ व्हेरिएबल. तेही चिपवर एकदम मावले नव्हते, साध्या संगणकाने तुकडे पाडून एकेक पाठवला. पण भंगारात कशाला? जे गणित मुळातच चुंबकांच्या जाळ्यासारखं दिसतं ते त्याला मानवतं. प्रत्येक व्हेरिएबलचे शेजारी मोजके, कडक नियम जवळपास नाहीत आणि एका उत्तराऐवजी बरीच चांगली उत्तरं चालतात, असं.

आणि इलेक्ट्रॉनराव, 'क्वांटम काही नाही' हे तुमचं चूक. त्या चिपवर क्वांटम परिणाम मोजले गेलेत. सगळी गणितं चालत नाहीत, हे मात्र बरोबर. वेगाची गोष्ट वेगळी : २०१४ मध्ये 'सायन्स'मधल्या चाचणीत क्वांटममुळे वेग वाढल्याचं दिसलं नव्हतं.

भटक्या : मार्च २०२५ चं विसरलात. त्याच 'सायन्स'मध्ये डी-वेव्हने स्पिन ग्लासच्या, म्हणजे विस्कळीत चुंबकांच्या जाळ्याच्या, हालचालींचं गणित महासंगणकाच्या आवाक्याबाहेर नेलं.

मुक्त_इलेक्ट्रॉन : आणि न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्नवाल्यांनी नि स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलवाल्यांनी लगेच दाखवलं की त्यातला बराच भाग साध्या संगणकावर जमतो.

भटक्या : बराच भाग. सगळा नाही, हे डी-वेव्हचं उत्तर वाचा.

मुक्त_इलेक्ट्रॉन : स्वतःच्या यंत्राबद्दल डी-वेव्ह दुसरं काय म्हणणार?

अनुराधा : माझा कल डी-वेव्हकडे आहे, पण थोडाच. त्यांनी चुंबकाचंच गणित चुंबकावर चालवलं, ना दंड ना साखळ्यांची फारशी ओढाताण. त्यावरून ऊसतोडीचा निष्कर्ष काढू नका एवढंच.

सांगलीकर : ते जाऊ द्या. त्या हंगेरियनमध्ये बैलगाडीवाल्या टोळ्या पाच किलोमीटरपलीकडे पाठवायच्या नाहीत, हे कसं सांगायचं?

अनुराधा : त्या जोडीचं अंतर `9999` लिहा.

सांगलीकर : म्हणजे दंडच की!

अनुराधा : हो, पण लॅपटॉपला `9999` आणि `9998` मधला फरक दिसतो.