मदत हवी आहे: पावसाच्या रकान्यातले वरचे दहा टक्के दिवस रंगवायचे आहेत, पण शेवटचे कोरडे दिवसच रंगतात

पन्हळ
नमस्कार मंडळी. चिपळूणजवळच्या आमच्या गावात घराच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला आहे. रोज सकाळी साडेआठला मोजून पाऊस गूगल शीटमध्ये लिहितो. A रकान्यात तारीख, B मध्ये मिलिमीटर. १ जून ते ३० सप्टेंबर असे १२२ दिवस, म्हणजे B2 ते B123. २०२२ पासून तीन वर्षांची तीन शीटं झाली आहेत.

मला प्रत्येक शीटमध्ये सर्वांत जास्त पावसाचे वरचे दहा टक्के दिवस निळे करायचे आहेत. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचं आहे, त्यामुळे चूक नको. B2:B123 निवडून Format मधल्या Conditional formatting मध्ये गेलो, तिथे Custom formula is घेऊन हे लिहिलं:

```
=B2>=PERCENTILE(B2:B123,0.9)
```

रंग आले, पण भलतेच. २०२४ च्या शीटमध्ये सप्टेंबरचे शेवटचे पाच आकडे असे आहेत: २६ ला ०, २७ ला ११, २८ ला ०, २९ ला ४, ३० ला ०. यातले २७, २९ आणि ३० हे तीन दिवस निळे झाले. ३० तारखेला पाऊसच नाही! उलट ९ जुलैचे ६२ मिमी पांढरेच राहिले. दोन संध्याकाळी यात गेल्या. कुठे चुकतंय?

घाटमाथा
सूत्र लिहायची गरजच नाही. Conditional Formatting मध्ये Top/Bottom Rules आहे, त्यात Top 10% तयार मिळतं. दोन क्लिकचं काम, उत्तर तेच येतं.

पन्हळ
शोधलं, पण माझ्याकडे तो पर्याय दिसत नाही. मी गूगल शीट वापरतो.

घाटमाथा
अच्छा, मी एक्सेलचं सांगत होतो. मग हे करून बघा, सगळ्यात मोठ्या आकड्याच्या ९० टक्क्यांच्या वरचे दिवस येतील:

```
=B2>=0.9*MAX($B$2:$B$123)
```

तळटीप
घाटमाथा, हे सूत्र वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पन्हळ यांचा सर्वांत मोठा दिवस समजा २१२ मिमीचा असेल, तर तुमची रेषा १९०.८ वर जाईल आणि वर एखाददुसराच दिवस उरेल. त्यांना दिवसांच्या संख्येतले वरचे दहा टक्के हवेत, सर्वांत मोठ्या आकड्याच्या जवळ जाणारे नकोत. PERCENTILE हेच बरोबर फंक्शन आहे.

पन्हळ, तुमची चूक डॉलरच्या चिन्हाची आहे. नियमातलं सूत्र पहिल्या सेलसाठी लिहिलेलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक सेलला ते एकेक ओळ खाली सरकवून लावलं जातं. तुमची B2:B123 ही व्याप्तीही सोबत सरकते. खात्री करायची असेल तर हेच सूत्र D2 मध्ये टाकून खाली ओढा आणि D122 वर क्लिक करा. तिथे B122:B243 दिसेल. म्हणजे २९ सप्टेंबरची तुलना साऱ्या हंगामाशी न होता फक्त २९ आणि ३० या दोन दिवसांशी होते, कारण त्याखाली रिकामं आहे. ४ आणि ० या दोन आकड्यांचा नव्वदावा पर्सेंटाइल ३.६ येतो, म्हणून ४ मिमी रंगले. ३० तारखेच्या वाट्याला तर एकटं स्वतःचं शून्य उरलं. शून्य हे शून्याइतकं असतंच, म्हणून तेही निळं. अशा चुकीत रकान्याची शेवटची ओळ नेहमी रंगते, त्यावरूनच ती ओळखायची.

व्याप्ती डॉलर लावून जागेवर बांधा, आधीचा B2 मात्र मोकळा ठेवा:

```
=B2>=PERCENTILE($B$2:$B$123,0.9)
```

पन्हळ
तळटीप, मनापासून आभार. D122 मध्ये खरंच B122:B243 दिसलं, आता कळलं. सप्टेंबरचा शेवट पांढरा झाला. पण आता १६ दिवस निळे आहेत. १२२ चे दहा टक्के १२ च्या आसपास हवेत ना? आणि त्या १६ मध्ये तीन दिवस तर असे आहेत जिथे मी 'नोंद नाही' लिहिलं आहे. आम्ही गावाला नव्हतो तेव्हाचे. शब्दाला निळा रंग कसा?

निळी शाई
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या वर्गात ४० मुलं आहेत, चाचणी २० गुणांची. मला पहिल्या दहा टक्क्यांना, म्हणजे चार जणांना, बक्षीस द्यायचं आहे. वरचं डॉलरवालं सूत्र लावलं तर नऊ मुलं रंगली. मी ० ते २० ऐवजी १०० पैकी गुण करून घ्यायला हवेत का?

तळटीप
निळी शाई मॅडम, १०० पैकी करून काही बदलणार नाही, क्रम तोच राहील. त्या नऊही मुलांना २० पैकी २० आहेत का ते बघा. असतील तर पर्सेंटाइलच २० येतो आणि २० असलेलं प्रत्येक मूल रंगतं. >= च्या जागी नुसतं > लिहाल तर एकही रंगणार नाही. सारख्या गुणांच्या नऊ जणांतून चार कोण, हे सूत्राला सांगता येत नाही. त्यासाठी दुसरा कसला तरी निकष लागेल.

पन्हळ, आता तुमचे १६. अक्षरं आणि आकडा यांची तुलना केली की शीट अक्षरांना नेहमी मोठं धरते, आकडा कितीही असो. एक्सेलही असंच करतं. त्यामुळे 'नोंद नाही' कुठल्याही पावसापेक्षा मोठं ठरतं. PERCENTILE मात्र अक्षरं मोजतच नाही, म्हणून रेषा ठीक निघते आणि रंग जास्त लागतो. एका रिकाम्या सेलमध्ये =COUNT(B2:B123) आणि शेजारी =COUNTA(B2:B123) लिहून दोन्ही आकडे इथे सांगा.

पन्हळ
COUNT ११८, COUNTA १२२. म्हणजे चार? माझे तर तीनच आहेत.

तळटीप
चौथा आकड्यासारखा दिसणारा असेल. रकान्याचं अलाइनमेंट तुम्ही हाताने बदललं नसेल तर आकडे उजवीकडे चिकटतात आणि अक्षरं डावीकडे. डावीकडे चिकटलेला कोण ते शोधा.

पन्हळ
सापडला! १४ ऑगस्टला '18 मिमी' असं लिहिलं होतं, एककासकट. तोही निळा होता आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नुसता १८ केला. 'नोंद नाही' हे शेरे C रकान्यात हलवले आणि B रिकामा ठेवला. आता बरोबर १२ निळे आहेत.

तळटीप
छान. तरी नियमात ISNUMBER ठेवाच, पुढच्या वर्षी कोणीतरी पुन्हा एकक लिहील. शिवाय पर्सेंटाइल नियमात दडवण्यापेक्षा एका सेलमध्ये उघडा काढा, म्हणजे रेषा कुठे पडली ते डोळ्यांना दिसतं. E1 मध्ये हे:

```
=PERCENTILE($B$2:$B$123,0.9)
```

आणि नियमात हे:

```
=AND(ISNUMBER(B2),B2>=$E$1)
```

पन्हळ
केलं. E1 मध्ये ७१.४ आलं. म्हणजे ९ जुलैचे ६२ पांढरे होते ते योग्यच होतं, मीच उगाच त्याला चूक समजत होतो. पण ७१.४ मिमी पाऊस माझ्याकडे कुठल्याच दिवशी नाही. हा आकडा आला कुठून?

तळटीप
आता तुमचे आकडे ११९ आहेत. ते लहानाकडून मोठ्याकडे रांगेत उभे करा. PERCENTILE एकूण संख्येतून एक वजा करतं, त्याला ०.९ ने गुणतं आणि एक मिळवतं. ११८ गुणिले ०.९ म्हणजे १०६.२, अधिक एक म्हणजे १०७.२. रांगेत १०७.२ वा कोणी नसतो, म्हणून १०७ व्या आणि १०८ व्या दिवसाच्या मधली जागा घेतली जाते. तुमचा १०७ वा दिवस ७० चा आणि १०८ वा ७७ चा असणार, असं मला वाटतं. ७० अधिक सातचा पाचवा हिस्सा, ७१.४. त्याच्या वर १०८ ते ११९ हे बारा दिवस उरतात.

घाटमाथा, 'उत्तर तेच येतं' हे कधी कधी जुळतं, पण दर वेळी नाही. एक्सेलचा Top 10% नियम दिवस मोजतो आणि अपूर्णांक सोडून देतो. ११९ ला तो ११ च देईल, इथे १२ आले.

घाटमाथा
आत्ता करून बघितलं, खरंच ११ आले. इतकी वर्षं मी दोन्ही एकच समजत होतो.

मृगनक्षत्र
पन्हळ, एक मूळ शंका. तुमच्या ११९ मध्ये कोरडे दिवसही आहेत. हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पाऊस पडला तरच त्याला पावसाचा दिवस म्हणतं. सप्टेंबरची शून्यं मोजून 'मोठा पाऊस' ठरवणं मला पटत नाही. ती काढली तर रेषा वर जाईल.

पन्हळ
करून बघायचं आहे. E1 मध्ये काय लिहू?

तळटीप
```
=PERCENTILE(FILTER($B$2:$B$123,$B$2:$B$123>=2.5),0.9)
```

पन्हळ
पावसाचे दिवस ८६ निघाले, E1 झालं ८७ आणि निळे दिवस १२ वरून ९ वर आले. ७७, ७९ आणि ८४ चे दिवस गळले. ८४ मिमीच्या दिवशी आमच्या वहाळाचं पाणी साकवावरून गेलं होतं, तो दिवस पांढरा दिसतोय हे बघवत नाही.

मृगनक्षत्र
मग टक्केवारी सोडा. खात्याच्या लेखी ६४.५ पासून पुढे मुसळधार. E1 मध्ये सरळ 64.5 लिहा.

तळटीप
तोही मार्ग आहे, पण कोकणात त्या रेषेवर बरेच दिवस जातील. माझी हरकत वेगळी आहे. प्रत्येक वर्षाचा पर्सेंटाइल त्या वर्षापुरताच असतो. पाऊस कितीही कमी झाला तरी त्या वर्षाचे दहा टक्के दिवस निळे होणारच, आणि फलकावर तिन्ही वर्षं सारखीच ओली दिसतील. तुलना करायची असेल तर तिन्ही वर्षांची मिळून एकच रेषा काढा. शीटांची नावं 2022, 2023, 2024 असतील तर प्रत्येकाच्या E1 मध्ये हे लिहा, नियमाला हात लावू नका:

```
=PERCENTILE({'2022'!$B$2:$B$123;'2023'!$B$2:$B$123;'2024'!$B$2:$B$123},0.9)
```

आधी तिन्ही शीटांत COUNT आणि COUNTA जुळतात का ते मात्र बघा.

पन्हळ
२०२२ मध्ये आणखी दोन ठिकाणी 'मिमी' सापडलं, दुरुस्त केलं. एकत्र रेषा लावल्यावर २०२३ च्या शीटमध्ये आठच दिवस निळे राहिले, आणि त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती ते आता नुसतं बघून कळतं. मला हेच हवं होतं. शून्यांचा निर्णय मात्र होत नाहीये. सध्या कोरडे दिवस धरूनच ठेवतो.

मृगनक्षत्र
मी अजूनही २.५ च्या बाजूने. फलकाखाली निदान 'कोरडे दिवस धरून' एवढं लिहा.

पन्हळ
लिहितो.

निळी शाई
नऊही जणांना २० च आहेत, तपासलं. नऊ पेनं आणते.